ग्रामसभेचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आलं, पण गावाचं नेमकं काय ठरलं? शहापूर-मुरबाडच्या गावांसाठी सोप्या भाषेत

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारी. यापैकी एखाद्या दिवशी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मोठी फाइल येऊन पडते. ‘आजची ग्रामसभा, पूर्ण रेकॉर्डिंग.’ लांबी एक तास पन्नास मिनिटं. पाठोपाठ चार अंगठे, दोन नमस्कार येतात आणि विषय संपतो. फाइल पूर्ण ऐकणारे फार थोडे असतात.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ग्रामसभा चुकण्याची कारणं साधी आहेत. आसनगाव, आटगाव, कसाऱ्याहून लोकल पकडून ठाणे-मुंबईला जाणाऱ्यांना आणि भिवंडीच्या गोदामांत पाळीवर काम करणाऱ्यांना सरकारी सुट्टी लागू असतेच असं नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे जानेवारीची आणि मे महिन्याची ग्रामसभा त्यांच्या पाठीमागेच होते. उन्हाळ्यात पाण्याचा विषय तापलेला असतो, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी नाही त्यातले अनेक जण सभेत नसतात.

अशा लोकांसाठी गावातलं कुणीतरी रेकॉर्डिंग ऐकून एक-दोन पानांचा सारांश लिहितं. शिकलेली मुलगी, अंगणवाडी ताई, एखादा तरुण सदस्य. काम चांगलं आहे, पण त्यात एक मोठी फसगत होते. ज्या विषयावर जास्त वेळ बोलणं झालं, तोच मोठा निर्णय असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ग्रामसभेत पाऊण तासाच्या भांडणातून काहीच ठरलेलं नसतं आणि चाळीस सेकंदांत गावाला बांधून ठेवणारा ठराव होऊन गेलेला असतो. सारांश लिहिणाऱ्याचं खरं काम हा फरक ओळखण्याचं आहे.

हे कसं करायचं ते एका नमुन्यावरून पाहू. यातलं गाव आणि संवाद काल्पनिक आहेत. नियम मात्र खरे आहेत.

आधी एक प्रश्न: ही सभा कोणती?

‘पंचायतीची मीटिंग’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या सभा येतात. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची असते. ग्रामसभा ही गावातल्या सगळ्या मतदारांची असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते. विकास आराखड्याला आणि त्यावरच्या खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. म्हणून सारांशाच्या पहिल्या ओळीत सभेचा प्रकार, तारीख आणि ठिकाण हवं. मासिक सभेतलं बोलणं ‘गावाने ठरवलं’ म्हणून फिरलं, तर सारांश पहिल्याच ओळीत चुकला.

दुसरा प्रश्न गणपूर्तीचा, म्हणजे सभेला पुरेशी माणसं होती का याचा. सर्वसाधारण गावात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक हवेत. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा लागू आहे, आणि तिथे ही अट २५ टक्के किंवा १०० अशी आहे.

आपलं नमुन्याचं गाव शहापूरच्या डोंगरपट्टीतलं आहे. मतदार २४०. त्याचे २५ टक्के म्हणजे ६०. रेकॉर्डिंगच्या चौथ्या मिनिटाला ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना गाव अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतं) सांगतात, “रजिस्टरवर चौसष्ट सह्या झाल्यात, गणपूर्ती झाली, सभा सुरू करू.” सारांशात ही ओळ जशीच्या तशी घ्यायची: सुरुवातीला ६४ उपस्थित, गरज ६० ची. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

अठरावं मिनिट: टँकर

आता सभेतला सगळ्यात तापलेला विषय येतो. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. तरी इथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे इथे आवाज चढणं साहजिक आहे. रेकॉर्डिंगमध्ये हे असं ऐकू येतं:

“सरपंच ताई, टँकर दोन दिवसांआड येतो, आणि तोही वरच्या पाड्यावर येईपर्यंत रिकामा.”

“मावशी, प्रस्ताव पाठवलेला आहे वर.”

“मागच्या वेळी पण हेच सांगितलं.”

“अहो, पाइपलाइन येणारच आहे दिवाळीपर्यंत. मग टँकरच लागणार नाही.”

“फेऱ्या वाढवा म्हणून ठराव घ्या ना!”

“घेऊ, घेऊ. पुढचा विषय वाचा भाऊसाहेब.”

हे सगळं जवळपास वीस मिनिटं चालतं. घाईत सारांश लिहिणारा इथे लिहितो: ‘टँकरच्या फेऱ्या वाढवण्याचं ठरलं. दिवाळीपर्यंत पाइपलाइन येणार.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

इथे ठराव झालेलाच नाही. ठराव झाला की इतिवृत्तात चार गोष्टी नोंदवल्या जातात: ठरावाचा क्रमांक, ठरावाचा मजकूर, तो मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. शिवाय तो सर्वानुमते झाला की बहुमताने, हेही लिहितात. रेकॉर्डिंगमध्ये “सूचक कोण? अनुमोदक कोण?” हा प्रश्न ऐकू आला, की लेखणी सरसावून बसायचं. टँकरच्या विषयात तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. “घेऊ, घेऊ” म्हणजे ठराव नव्हे.

मग जे बोललं गेलं ते काय होतं? “प्रस्ताव पाठवलेला आहे” ही माहिती आहे, आणि ती तपासता येते. टँकरची मंजुरी सरपंचांच्या हातात नसते. ग्रामपंचायतीची मागणी पंचायत समितीकडे जाते, पंचायत समिती आणि तहसील कार्यालयाचे लोक पाहणी करतात आणि मंजुरी महसूल प्रशासनाकडून मिळते. म्हणून सारांशात विचारायचं, प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि त्याचा जावक क्रमांक काय. दोन्ही गोष्टी सभेत सांगितल्या नसतील, तर ‘तारीख सांगितली नाही’ असं लिहायचं.

“पाइपलाइन येणार दिवाळीपर्यंत” हे आश्वासन आहे. ते कुणी दिलं ते लिहायचं आणि त्याखाली ठराव नाही हेही लिहायचं.

इथे एक छोटा हिशेब सारांशात घालता येतो. टंचाईत टँकरने पाणी देताना ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर हा निकष धरला जातो. गावाची लोकसंख्या ४०० असेल तर रोज ८,००० लिटर झालं. टँकर दोन दिवसांआड येत असेल, तर प्रत्येक खेपेला तीन दिवसांचं, म्हणजे २४,००० लिटर पाणी उतरायला हवं. नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘वरच्या पाड्यावर येईपर्यंत रिकामा’ या तक्रारीला वजन येतं. मात्र हा हिशेब सभेत झाला नव्हता. त्यामुळे तो सभेच्या मजकुरात मिसळायचा नाही, ‘समजण्यासाठी’ असं लिहून वेगळा ठेवायचा.

एकेचाळिसावं मिनिट: पैशाचा विषय

पुढचा विषय वित्त आयोगाच्या निधीचा. एक सदस्य म्हणतात, “पाण्याचे पैसे शिल्लक आहेत, त्यातनं खालच्या आळीचा रस्ता काँक्रीटचा करून घ्या.” सरपंच म्हणतात, “बघू, बसवू कुठेतरी.” दोन-तीन जण टाळ्या वाजवतात.

‘रस्त्याला निधी मिळाला’ असं लिहिण्याआधी पैशाचं खातं बघायला हवं. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे कामाला बांधलेला निधी: त्यातला अर्धा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. अबंधित भाग गावाच्या इतर गरजांना वापरता येतो, पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला नाही.

समजा नमुन्याच्या गावाला १० लाख मिळाले. त्यातले ६ लाख बंधित, म्हणजे पाण्याला ३ लाख आणि स्वच्छतेला ३ लाख. उरलेले ४ लाख अबंधित. रस्ता या ४ लाखांतून होऊ शकतो, पाण्याच्या ३ लाखांतून नाही. त्यामुळे “बसवू कुठेतरी” याचा अर्थ रस्ता मंजूर झाला असा होत नाही. सारांशात एवढंच यावं: ‘रस्त्याची मागणी झाली. कोणत्या निधीतून हे ठरलं नाही. ठराव नाही. पाण्यासाठीचा बंधित निधी रस्त्याला वापरता येत नाही.’

आराखड्यात कोणतं काम कोणत्या निधीतून धरलंय हे घरबसल्या egramswaraj.gov.in या संकेतस्थळावर आपला जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडून बघता येतं. सभेत सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा जुळत नसेल, तर सारांशात दोन्ही आकडे द्यायचे. कोणता खरा, याचा निकाल सारांश लिहिणाऱ्याने लावायचा नाही.

एक तास छत्तिसावं मिनिट: चाळीस सेकंद

आता जेवणाची वेळ झाली आहे. खुर्च्या सरकल्याचे आवाज येताहेत, मागे कुणीतरी लेकराला हाक मारतंय. सभेच्या नोटिशीतला शेवटचा विषय बहुतेक गावांत सारखाच असतो: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ नोटीस आधी लागते ती विषय लोकांना कळावेत म्हणून. ऐनवेळचा विषय मात्र नोटिशीत नसतो, त्यामुळे तो येणार हे घरी राहिलेल्याला कळायचा मार्गच नसतो.

रेकॉर्डिंगमध्ये भाऊसाहेबांचा आवाज येतो. “दगडखाणीसाठी गट नंबर अमुकचा ना-हरकत मागणीचा अर्ज आलेला आहे. कुणाची हरकत नाही ना? सूचक? अनुमोदक? बरं, मंजूर.” एवढंच. चाळीस सेकंदही नाहीत. लगेच आभार आणि राष्ट्रगीत.

पूर्ण सभेत “सूचक, अनुमोदक” हे शब्द ठळकपणे ऐकू आले ते इथेच. वीस मिनिटांच्या टँकरच्या वादातून ठराव निघाला नाही, या एका दमात वाचलेल्या अर्जातून निघाला. आणि तो साधासुधा नाही. पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. म्हणजे गावाच्या हातात असलेली मोठी किल्ली इथे देऊन टाकली गेली, आणि सभेत बसलेल्या अनेकांनाही ते कळलं नसेल.

सारांशात हा विषय सगळ्यात वर यायला हवा. सभेच्या क्रमाने लिहिलं तर तो शेवटच्या ओळीत जाईल आणि मोबाइलवर तिथपर्यंत फार लोक पोहोचत नाहीत. पण वर आणताना भाषा तापवायची नाही. ‘खाणवाल्यांना गाव विकलं’ हे वाक्य सारांशात बसत नाही, कारण रेकॉर्डिंगमध्ये ते नाही. जे आहे ते पुरेसं बोलकं आहे: विषय नोटिशीत नव्हता, चर्चा झाली नाही, अर्जदाराचं नाव आणि क्षेत्र वाचलं गेलं नाही, ठराव मंजूर म्हणून सांगण्यात आला.

आणि त्या वेळी किती लोक होते? सुरुवातीला ६४ होते, गरज ६० ची होती. पाच जण उठून गेले असले तरी आकडा खाली येतो. पण रेकॉर्डिंग आवाजाचं आहे, त्यावरून माणसं मोजता येत नाहीत. मग तेच लिहायचं: ‘ठरावाच्या वेळी किती जण उपस्थित होते हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही.’ हे वाक्य आरोप करत नाही, पण पुढच्या सभेत विचारायचा नेमका प्रश्न हातात देतं.

मग तयार सारांश दिसतो कसा?

वरच्या सभेचा सारांश एका मोबाइल स्क्रीनवर बसेल इतका होतो:

> ग्रामसभा, १ मे. सुरुवातीला उपस्थिती ६४ (गरज ६०).
>
> ठराव झाला: दगडखाणीसाठी ना-हरकत. ऐनवेळचा विषय, चर्चा नाही. अर्जदार आणि क्षेत्र वाचलं नाही. (१ तास ३६ मि.)
>
> मागणी झाली, ठराव नाही: टँकरच्या फेऱ्या वाढवणे (१८ मि.). खालच्या आळीचा रस्ता, निधी ठरला नाही (४१ मि.).
>
> सांगितलं गेलं, कागद पाहिलेला नाही: टँकरचा प्रस्ताव पाठवला, तारीख सांगितली नाही. पाइपलाइन दिवाळीपर्यंत, असं सरपंच म्हणाल्या.
>
> ऐकू आलं नाही: ५२ ते ५५ मिनिटं, माइक बंद.
>
> हा सारांश रेकॉर्डिंगवरून केला आहे. अधिकृत नोंद इतिवृत्ताची.

प्रत्येक ओळीपुढे वेळ दिली आहे. ज्याला शंका असेल तो दोन तास न ऐकता नेमक्या जागी जाऊन तपासू शकतो. तक्रार करणाऱ्या मावशींचं नाव यात नाही. घरकुलाची यादी, कुणाची थकलेली घरपट्टी, घरातलं आजारपण असे विषय सभेत नावानिशी निघतात, पण पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशात ती नावं घालायचं कारण नाही. सरपंच आणि अधिकारी पदावरून बोलतात, म्हणून त्यांचं पद लिहायचं.

व्हॉट्सॲपवर आलेला दुसऱ्या कुणाचा सारांश विश्वासाचा आहे का, हेही याच कसोटीवर कळतं. ‘मंजूर झालं’ लिहिलंय, पण सूचक-अनुमोदकांचा किंवा ठराव क्रमांकाचा पत्ता नाही. ‘निधी आला’ लिहिलंय, पण कोणत्या खात्यातून ते नाही. ऐनवेळच्या विषयांबद्दल एक शब्द नाही. असं असेल तर मूळ रेकॉर्डिंगची शेवटची पंधरा मिनिटं स्वतः ऐकलेली बरी.

सारांश वाचून पुढे काय?

रेकॉर्डिंग आणि सारांश दोन्ही अधिकृत नोंद नाहीत. अधिकृत नोंद असते इतिवृत्ताच्या वहीत, आणि ती वही सभेनंतर लिहिली जाते. त्यामुळे न झालेला टँकरचा ठराव वहीत ‘झाला’ म्हणून येऊ शकतो, किंवा खाणीच्या ठरावापुढे ‘सविस्तर चर्चा होऊन’ असे शब्द येऊ शकतात. हे तपासायचं तर इतिवृत्ताची प्रत हवी. ती ग्रामपंचायतीकडे मागता येते. मिळाली नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. त्याचं शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते.

बोलण्याची जागा मात्र पुढची ग्रामसभा. तिचा पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा विषय अनेकदा “वाचलं असं समजू” म्हणत मिनिटभरात उरकला जातो. मागच्या सभेच्या नोंदीत चूक असेल तर ती सांगायची वेळ हीच. ‘एक तास छत्तिसाव्या मिनिटाला चर्चा झालेली नाही, नोंद दुरुस्त करा’ असं उभं राहून म्हणता येतं, आणि ते लेखी दिलं तर त्याची पोच घेता येते. नोंद दुरुस्त झाली म्हणून खाणीचा ठराव आपोआप रद्द होत नाही. त्यावर फेरविचार हवा असेल तर तो स्वतंत्र विषय म्हणून नोटिशीत घ्या, अशी लेखी मागणी करावी लागते, आणि त्याची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना दिलेली चांगली. अर्जावर निर्णय कुठे होतोय हे त्याच वेळी तहसील कार्यालयात विचारावं लागतं, कारण ग्रामसभेची शिफारस पुढे गेली की कागद गावात थांबत नाही.

म्हणूनच सारांशाला मुदत असते. १ मेची सभा झाली आणि पुढची १५ ऑगस्टला आहे, तर हातात साडेतीन महिने आहेत. वीटभट्टीवरून माणसं जूनमध्ये पाड्यावर येतात. त्यांच्यापर्यंत ही वीसेक ओळी तोवर पोहोचल्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणी पारावर वाचून दाखवल्या, तर १५ ऑगस्टला पहिल्या विषयाच्या वेळी हात वर करणारे लोक सभेत असतील.